फराळाच्या ऑर्डरचा कागद

‘दिवाळीच्या आत घरगुती फराळ मिळेल. ऑर्डर पाच दिवस आधी द्यावी. कमीत कमी अर्धा किलो. अ‍ॅडव्हान्स आवश्यक.’ दसरा जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर असे निरोप फिरू लागतात. वाचायला सोपे, आटोपशीर. पण यातल्या प्रत्येक वाक्यात एक भांडण दडलेलं आहे. दिवाळीच्या आत म्हणजे वसुबारसेच्या आत की लक्ष्मीपूजनाच्या? पाच दिवस आधी म्हणजे नेमकं कशाच्या आधी? अर्धा किलो प्रत्येक पदार्थ, की सगळं मिळून? अ‍ॅडव्हान्स किती, आणि मावशींचं येणं रद्द झालं म्हणून लाडू नको झाले तर तो परत मिळणार का?

फराळ करणारी बाई या प्रश्नांची उत्तरं फोनवर देत बसते, आणि तीही चकलीचा घाणा तेलात असताना. शिवाय प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर जातं. एकीला ‘बरं, पाव किलो देते’ म्हटलं की तिची शेजारीण तेच मागते. म्हणून ऑर्डरचा फॉर्म नीट लिहायचा. छापील कागद असो, गूगल फॉर्म असो की व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर, त्यातली वाक्यं स्वयंपाकघरातल्या कामाच्या क्रमातून आली पाहिजेत. ती कशी येतात, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, डोंबिवलीतल्या एक काकू दोन मदतनीस बायकांना घेऊन चार पदार्थ करतात: चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू आणि अनारसे. वर्ष २०२६. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे आणि नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नानही त्याच पहाटेचं. म्हणजे फराळाचं ताट ८ तारखेच्या सकाळी मांडलं जाणार, आणि डबा शनिवारी ७ तारखेला रात्रीपर्यंत घरात पोचलेला हवा. काकूंच्या फॉर्ममधली ही पहिली ठरलेली तारीख. बाकीच्या सगळ्या तारखा हिच्यापासून मागे मोजत यायच्या.

मागे मोजायची तारीख

चारही पदार्थांना एकच शेवटची तारीख देणं ही फॉर्ममधली सर्रास दिसणारी चूक आहे. चिवडा एका दुपारी होतो. पोहे उन्हात किंवा मंद आचेवर कुरकुरीत करायचे, फोडणी द्यायची, गार झाला की भरायचा. लाडवांना बेसन खमंग भाजायला वेळ लागतो, पण भाजून, गार करून, वळून एका दिवसात काम उरकतं. चकलीची भाजणी मात्र आधी धुऊन, वाळवून, भाजून गिरणीत द्यावी लागते आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गिरणीत डब्यांची रांग असते. सगळ्यांत लांबचा प्रवास अनारशांचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कपड्यावर पसरून ओलसर असतानाच कुटून चाळायचे, गुळात मळून गोळे मुरत ठेवायचे. पीठ पुरतं मुरलं नाही तर अनारशाला जाळी पडत नाही, आणि गूळ जास्त झाला तर तो तुपात फसफसून विरघळतो. अशा वेळी पुन्हा पीठ करायला हाताशी आठवडा उरलेला नसतो.

काकूंना अनारसे २ ते ४ नोव्हेंबरला तळायचे आहेत. पीठ आठवडाभर मुरायला हवं, म्हणजे ते २५ ऑक्टोबरला मळून तयार हवं. त्यासाठी तांदूळ २२ तारखेला भिजले पाहिजेत आणि किती भिजवायचे हे त्याआधी कळलं पाहिजे. म्हणून अनारशांची नोंदणी मंगळवारी, २० ऑक्टोबरला म्हणजे दसऱ्याच्या दिवशी बंद. बाकी तीन पदार्थांसाठी मंगळवार, २७ ऑक्टोबर पुरतो. मग भाजणी दळून आणायला हातात तीन-चार दिवस राहतात.

फॉर्ममध्ये हे असं उतरतं: ‘अनारशांची ऑर्डर मंगळवार, २० ऑक्टोबर (दसरा) रात्री ९ पर्यंत. पीठ आठवडाभर मुरवावं लागत असल्याने यानंतर अनारसे घेता येणार नाहीत.’ यात तीन गोष्टी आहेत. तारखेबरोबर वार आहे, कारण तारीख चुकीची वाचली तरी वार सावध करतो. तास आहे, कारण ‘२० पर्यंत’ म्हटलं की २० तारीख धरून की सोडून, यावर वाद होतो. आणि अर्ध्या ओळीचं कारण आहे. ‘उशिरा आलेली ऑर्डर स्वीकारली जाणार नाही’ हे वाक्य वाचून ओळखीतलं माणूस दुखावतं आणि ‘आपल्यासाठी करतील’ असंही समजतं. पीठ मुरायचंय म्हटल्यावर तो आग्रह करत नाही, कारण अनारशांना दिवस लागतात हे त्याच्या घरीही ठाऊक असतं. ज्या अटीमागे स्वयंपाकघरातलं कारण आहे, तिथे ते एका छोट्या वाक्यात सांगून टाकावं. ज्या अटीला सांगण्यासारखं कारणच सापडत नाही, ती अट बहुधा अनावश्यक असते.

किमान म्हणजे कशाचं किमान

पाव किलो लाडू मागणाऱ्याला नाही का म्हणायचं? घाण्याचं कारण इथे लागू पडत नाही. एक किलो बेसन, सहाशे ग्रॅम तूप आणि नऊशे ग्रॅम पिठीसाखर घेतली की अडीच किलोचं मिश्रण होतं. लाडू चाळीस ग्रॅमचा वळला तर साठेक लाडू निघतात. त्यातले सहा कोणाला दिले म्हणून भाजण्याचं काम वाढत नाही. वाढतं ते नंतरचं: वेगळं वजन, वेगळा डबा, वेगळी चिठ्ठी, हिशेबात वेगळी ओळ. पाव किलोच्या वीस ऑर्डरी आणि एक किलोच्या पाच ऑर्डरी यांत लाडू तेवढेच असतात, पण भरण्याचं काम चौपट होतं.

हे लक्षात आलं की उपायही सुचतो. काकू फॉर्ममध्ये किलो-ग्रॅम लिहितच नाहीत. मापच डब्याचं ठेवतात. चकलीचा डबा अर्धा किलो, चिवड्याचा अर्धा किलो, लाडवांचा अर्धा किलो. गिऱ्हाइकाने पदार्थासमोर फक्त डब्यांचा आकडा भरायचा. पाऊण किलोचा प्रश्नच उरत नाही, ‘अर्ध्या किलोच्या पटीत’ असं शाळेच्या गणितासारखं वाक्य लिहावं लागत नाही आणि दर डब्यामागे असल्याने बेरीजही सोपी होते.

अनारसे मात्र नगावर. ‘अर्धा किलो (सुमारे २० नग)’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण दोन मापं एकत्र दिली की दोन्ही तपासली जातात. हाताने थापलेले वीस अनारसे कधी साडेचारशे ग्रॅम भरतात, कधी साडेपाचशे. घरी वजनकाटा असलेलं गिऱ्हाईक पहिल्या वेळी फोन करतं, दुसऱ्या वेळी करत नाही. म्हणून ‘अनारसे: २० नगांचा डबा’ एवढंच. उलट चकली वजनावरच द्यावी, कारण वाटेत दोन-तीन मोडणारच. त्यासाठी एक ओळ पुरते: ‘वजन डब्याशिवाय आहे. चकलीत थोडे तुकडे निघू शकतात. वजन पूर्ण असेल.’

मग दुसरं किमान येतं, एकूण ऑर्डरचं. ‘किमान अर्धा किलो’ या जुन्या वाक्यातला घोळ इथेच होता. काकूंच्या फॉर्ममध्ये दोन वेगळी वाक्यं आहेत: ‘प्रत्येक पदार्थाचा किमान एक डबा. एका ऑर्डरमध्ये सगळे पदार्थ मिळून किमान तीन डबे.’ पुढे कंसात उदाहरण: ‘(उदा. चकली १, चिवडा १, लाडू १.)’ नियम वाचून जे समजत नाही, ते उदाहरण पाहून लगेच समजतं.

किमानाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो बहुतेक फॉर्ममध्ये नसतो. ओल्या नारळाच्या करंज्या मोजकेच लोक मागतात, त्या टिकतातही जेमतेम दोन दिवस, म्हणून एकाच दिवशी एकाच बैठकीत कराव्या लागतात. वीस करंज्यांसाठी नारळ खवून, सारण शिजवून, पीठ कुटून बसणं परवडत नाही. अशा पदार्थाचं किमान एका गिऱ्हाइकाचं नसतं, सगळ्यांचं मिळून असतं. तेही स्पष्ट लिहावं: ‘ओल्या नारळाच्या करंज्या सर्वांची मिळून १०० नगांची मागणी आली तरच करू. करणार की नाही ते २८ ऑक्टोबरला कळवू. न केल्यास त्यांची पूर्ण रक्कम परत.’ हे आधी सांगितलेलं असलं की ‘मग ऑर्डर घेतलीच कशाला’ असं कोणी म्हणत नाही.

आगाऊ रकमेची वाक्यं

तूप, डाळी, तेल, सुकं खोबरं यांची खरेदी दसऱ्यानंतर लगेच होते, आणि त्या खरेदीला आगाऊ रक्कम उपयोगी पडते. शिवाय पैसे भरलेला माणूस सहसा ऑर्डर विसरत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत म्हणूनच सोयीची आहे. ‘अ‍ॅडव्हान्स आवश्यक’ या दोन शब्दांत मात्र चार गोष्टी राहून जातात: किती, कधीपर्यंत, ऑर्डर पक्की केव्हा झाली, आणि परत केव्हा मिळेल.

सगळ्यांत जास्त गोंधळ तिसऱ्या गोष्टीचा होतो. गिऱ्हाइकाला वाटतं, फॉर्म भरला म्हणजे ऑर्डर गेली. काकूंना वाटतं, पैसे आले म्हणजे ऑर्डर आली. आणि यूपीआयने पैसे येतात तेव्हा पाठवणाऱ्याच्या खात्यावरचं नाव दिसतं. ऑर्डर सुनेची आणि पैसे सासऱ्यांच्या खात्यातून असाही प्रकार असतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नव्हे; आपल्या खात्यात किंवा बँकेच्या संदेशात रक्कम दिसली तरच ती आली. म्हणून काकूंचं वाक्य असं आहे: ‘निम्मी रक्कम भरून, ऑर्डर कोणाच्या नावावर आहे ते कळवावं. रक्कम जमा झाल्यावर आम्ही ऑर्डर क्रमांक पाठवू. क्रमांक मिळाला म्हणजे ऑर्डर पक्की.’ या क्रमांकाचा पुढे डबा देतानाही उपयोग होतो, कारण एका सोसायटीत दोन जोशी आणि तीन पाटील सहज निघतात.

परतीच्या अटीत ‘कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही’ असं ठोकून देण्याची सवय आहे. दुकानाच्या पावतीवर वाचलेलं वाक्य इथे येऊन बसतं. ते कडक वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीनेही फारसं भक्कम नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमाप्रमाणे करार मोडला तर आधी ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. ठरलेली सगळी रक्कम आपोआप आपली होत नाही. लाडू रद्द झाले आणि तेच लाडू दुसऱ्या दिवशी शेजारणीने नेले, तर काकूंचं नुकसान काहीच झालं नाही. अशा वेळी अ‍ॅडव्हान्स ठेवून घेणं पटण्यासारखं नाही आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईकही येत नाही.

म्हणून रद्द करण्याची तारीख खरेदीच्या तारखेला बांधावी: ‘चकली, चिवडा, लाडू २७ ऑक्टोबरपर्यंत आणि अनारसे २० ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर सामान आणलेलं असतं; त्यामुळे रक्कम परत मिळणार नाही. मात्र तेच डबे दुसऱ्या कोणी घेतले तर परत देऊ.’ याच्याच खाली उलट बाजूही हवी: ‘आमच्याकडून एखादा पदार्थ झाला नाही, तर त्याची पूर्ण रक्कम दोन दिवसांत परत.’ पीठ बिघडतं, मदतनीस आजारी पडते, गॅस संपतो. हे वाक्य नसलेला फॉर्म एकतर्फी दिसतो आणि असलेला फॉर्म वाचणाऱ्याला बाकीच्या अटीही रास्त वाटतात.

डबे नेण्याचा दिवस

मोकळं सोडलं तर सगळे शनिवारी संध्याकाळी सहा वाजता येतात. तीन दिवस द्यावेत आणि प्रत्येक दिवसाच्या ऑर्डरी मर्यादित ठेवाव्यात. काकूंकडे गुरुवार ५, शुक्रवार ६ आणि शनिवार ७ नोव्हेंबर, वेळ दुपारी ४ ते रात्री ८. फॉर्ममध्ये तिन्ही दिवस दिलेले आहेत आणि समोर एकावरच खूण करायची आहे. एखादा दिवस भरला की तो पर्याय काढून टाकायचा. गुरुवारी नेला तर शिळा होईल अशी शंका येते. तिचं उत्तर तिथेच द्यावं: ‘हे पदार्थ हवाबंद डब्यात दिवाळीभर चांगले राहतात. घरी नेल्यावर डबा उघडा ठेवू नये.’ चकली आणि चिवडा हवेतला ओलावा चटकन ओढून घेतात. मऊ पडल्याच्या बऱ्याच तक्रारी उघड्या राहिलेल्या झाकणाच्या असतात, आणि ते आधी लिहिलेलं असलेलं बरं.

कोणी आलंच नाही तर? ‘वेळेत न नेल्यास जबाबदारी आमची नाही’ हे वाक्य काहीच सांगत नाही. डबे कुठे असतील, कधीपर्यंत असतील, मग त्यांचं काय होईल, हे सांगावं: ‘७ तारखेला रात्री ८ पर्यंत न नेलेले डबे सोमवारी, ९ नोव्हेंबरला सकाळी १० ते १२ मिळतील. रविवारी डबे देता येणार नाहीत. सोमवारनंतर ते इतरांना दिले जातील. ते विकले गेले तर आगाऊ रक्कम परत करू.’ काकूंच्या घरीही पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन आहे, हे सांगावं लागत नाही.

परदेशी पाठवायचा फराळ हा वेगळा मामला. कुरियरला लागणारे दिवस आधी धरून त्या डब्यांसाठी स्वतंत्र, पुष्कळ आधीची तारीख लागते. काकूंसारखं छोटं घर असेल, तर ‘परदेशी पाठवण्यासाठी सुटं पॅकिंग करून देत नाही’ असं सरळ लिहिणं बरं.

पूर्ण फॉर्म

हे सगळं एकत्र केलं की मजकूर एवढाच होतो:

दिवाळी फराळ २०२६: ऑर्डर
नाव, मोबाइल, इमारत व घर क्रमांक
चकली, ½ किलोचा डबा, ₹३००: ___ डबे
पातळ पोह्यांचा चिवडा (शेंगदाणे घातलेला), ½ किलोचा डबा, ₹२४०: ___ डबे
बेसन लाडू (साजूक तुपातले), ½ किलोचा डबा, ₹३८०: ___ डबे
अनारसे, २० नगांचा डबा, ₹४४०: ___ डबे
एकूण डबे (किमान ३): ___ एकूण रक्कम: ___ आगाऊ (निम्मी): ___
डबे कधी नेणार (एकावर खूण करा): गुरु. ५ / शुक्र. ६ / शनि. ७ नोव्हेंबर, दुपारी ४ ते रात्री ८
नेणाऱ्याचं नाव: ___

याच्या खाली वरची वाक्यं क्रमाने: ऑर्डरच्या दोन तारखा, ऑर्डर पक्की केव्हा, रद्द करण्याची अट, डबे न नेल्यास काय. शेवटी अन्न नोंदणी क्रमांक. घरून विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, तेव्हा तो फॉर्मवरही असू द्यावा. वरचे दर उदाहरणापुरते आहेत. शेंगदाण्यांचा उल्लेख मात्र पदार्थाच्या नावातच ठेवावा, कारण ते ज्यांना चालत नाहीत ते खालच्या सूचना वाचतीलच असं नाही.

आता फॉर्म वापरून पाहू. शेजारच्या इमारतीतल्या एक वहिनी १८ ऑक्टोबरला फॉर्म भरतात: चकली २, चिवडा २, लाडू १, अनारसे १. सहा डबे झाले. रक्कम ६००, ४८०, ३८० आणि ४४० मिळून १,९०० रुपये, आगाऊ ९५०. पैसे त्यांच्या नवऱ्याच्या खात्यातून येतात, पण सोबत ऑर्डरचं नाव कळवलेलं असतं. काकू क्रमांक १४ पाठवतात. २४ तारखेला वहिनींना अनारशांचा आणखी एक डबा हवा होतो. तांदूळ दोन दिवसांपूर्वीच भिजले आहेत, फॉर्ममध्ये तारीख आणि कारण दोन्ही आहेत, वहिनी स्वतःच म्हणतात, ‘राहू दे मग.’ ३० तारखेला त्या चिवड्याचा एक डबा कमी करायला सांगतात. मुदत संपली आहे, पण ‘दुसऱ्या कोणी घेतला तर’ ही सोय आहे. काकू तो डबा यादीत मोकळा दाखवतात, दोन दिवसांत तो जातो आणि त्याचे आगाऊ आलेले १२० रुपये उरलेल्या रकमेत वळते होतात. नवी एकूण रक्कम १,६६०, भरलेले ९५०, देणं ७१०. शनिवारी सव्वासातला वहिनींचा मुलगा येऊन ‘क्रमांक चौदा’ म्हणतो, पैसे देतो, पाच डबे घेऊन जातो. एकाही टप्प्यावर काकूंना नवा नियम करावा लागला नाही.

फॉर्म चांगला झाला की नाही, हे पाठवल्यानंतरच्या दोन दिवसांत कळतं. येणारा प्रत्येक फोन आणि ‘म्हणजे नक्की कसं?’ असा प्रत्येक मेसेज फॉर्ममधल्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवतो. ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त करून मजकूर पुन्हा पाठवावा, मात्र तारखा आणि दर एकदा पाठवल्यावर बदलू नयेत. दोघींनी तोच प्रश्न विचारला असेल, तर पुढच्या वर्षीच्या फॉर्मसाठी त्याचं उत्तर आजच वहीत लिहून ठेवावं. तळण सुरू झाल्यावर ते आठवत नाही.